शेणातले भुंगेरे वाचवा : पावसाळ्यापूर्वी पशुपालकांना जाहीर आवाहन



मृगाच्या तोंडावर गावोगावी जनावरांना जंताचं औषध द्यायची लगबग सुरू होते. औषध द्यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण अख्ख्या कळपाला सरसकट आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचायचं आणि त्याच दिवशी जनावरं गायरानात सोडायची, ही पद्धत मात्र थांबवायला हवी. जंत आणि माश्या हटवणारा एक बिनपगारी गडी तिच्यापायी मरतो. तो गडी म्हणजे शेणातला काळा भुंगेरा.

त्याचं काम बघायचं असेल, तर पावसाळ्यात गायरानात सकाळी पडलेला शेणाचा एक पो निवडा आणि त्यावर लक्ष ठेवा. शेण पडल्यापडल्या माश्या येतात आणि अंडी घालतात. एका दिवसात अंडी फुटतात, आणि पाचसहा दिवसांत अळ्या पोसून खालच्या मातीत कोषात जातात. जंतांचं गणितही जवळपास असंच आहे. गाईच्या पोटातल्या गोलकृमींची अंडी शेणाबरोबर बाहेर पडतात, शेणाच्या ओलीत फुटतात आणि उबदार हवेत साधारण आठवड्याभरात रोग लावण्याजोगी अळी तयार होते. मग पावसाच्या पाण्याबरोबर ती आजूबाजूच्या गवतावर चढते आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात जाते. म्हणजे माशी काय आणि जंत काय, दोघांनाही ओलं, न विस्कटलेलं शेण काही दिवस मिळावं लागतं.

भुंगेरे त्यांना नेमके तेच दिवस मिळू देत नाहीत. वासावर ते उडत येतात. काही पोच्या खालीच बीळ खणून शेण जमिनीत ओढतात, तर काही गोळा करून मागच्या पायांनी ढकलत दूर नेतात आणि पुरतात. पुरलेल्या शेणाच्या एकेका गोळ्यात एकेक अंडं असतं. त्यातली अळी तेच शेण खाऊन वाढते. भुंगेरे पुरेसे असले, तर दोनतीन दिवसांत जागेवर भुसभुशीत माती आणि काड्यांचा पातळ थर एवढंच उरतं. माशीच्या अळ्यांचं खाणं संपतं आणि जंतांची अंडी वाळून मरतात. शिवाय भुंगेऱ्यांच्या अंगावर बसून येणारे बारीक माइट माश्यांची अंडी खातात.

भुंगेरे नसले की काय होतं, हे ऑस्ट्रेलियाने भोगलं आहे. 1788 मध्ये तिथे बाहेरून गुरं आली. तिथले मूळचे भुंगेरे कांगारूच्या लहान, कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. गाईच्या ओल्या शेणाला ते फारसे शिवत नसत. शेण महिनोन् महिने कुरणात पडून राहू लागलं, त्याभोवतीचं गवत गुरं खाईनात आणि माश्यांचा सुळसुळाट झाला. हंगेरीतून आलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिस्सा यांनी गुरांच्या शेणाला सरावलेले भुंगेरे बाहेरून आणण्याची कल्पना मांडली. 1960 च्या दशकात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने ते काम हाती घेतलं. भुंगेऱ्यांबरोबर गुरांचे रोग येऊ नयेत म्हणून अंडी निर्जंतुक करून आणावी लागली. चाळीसहून अधिक जाती सोडल्या, त्यातल्या वीसेक रुजल्या. काही भागांत भुंगेऱ्यांच्या हंगामात माणसांना छळणारी बुश फ्लाय घटली. गुरांचं रक्त पिणारी बफेलो फ्लाय मात्र तितकी हटली नाही. इतका खटाटोप करून त्यांनी जे मिळवलं, ते आपल्या गायरानात मुळातच आहे.

आता औषधाकडे वळू. आयव्हरमेक्टिन बऱ्याच अंशी तसंच्या तसं शेणावाटे बाहेर पडतं. इंजेक्शननंतर दोनतीन आठवडे त्या शेणात एवढं औषध असू शकतं की त्यातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या मरतात किंवा खुरटतात. मोठे भुंगेरे बहुधा वाचतात, म्हणून नुकसान लगेच दिसत नाही. पुढची पिढीच येत नाही, तेव्हा ते कळतं. गोचिडासाठी वापरलं जाणारं डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनही शेणात उतरतं आणि मोठ्या भुंगेऱ्यांनाही मारतं. त्या मानाने फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही जंतनाशकं भुंगेऱ्यांना फारशी बाधत नाहीत. पण अल्बेंडाझोल गाभण जनावराला सुरुवातीच्या दिवसांत देऊ नये. त्यामुळे औषध कोणतं, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा.

म्हणून या पावसाळ्यासाठी विनंती अशी :

1. आधी शेण तपासा. सकाळचं ताजं, मातीला न लागलेलं लिंबाएवढं शेण स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. जंतांची अंडी दिसली तर औषध घ्या. नसतील तर जनावराला उगाच टोचू नका.

2. आयव्हरमेक्टिन गरजेपुरतंच वापरा. खरूज, गोचीड यांसाठी ते लागतं, तेव्हा जरूर द्या. पण बाधलेल्या जनावरालाच. सगळ्या कळपाला एकाच दिवशी देऊ नका. तसं केलं तर गायरानातलं सगळंच शेण एकदम विषारी होतं, आणि औषधाला दाद न देणारे जंतही लवकर माजतात.

3. टोचलेलं जनावर दोनतीन आठवडे गोठ्यात बांधा. त्याचं शेण गायरानात न टाकता उकिरड्यात आत दाबून कुजवा. गोचिडाचं औषध फवारलेल्या जनावरांबाबतही हेच करा.

4. हुमणीच्या मोहिमेत भुंगेरे ओळखून सोडा. पहिल्या पावसानंतर आपण प्रकाश सापळे लावतो आणि कडुनिंब, बाभळीवरचे भुंगेरे झटकून मारतो. दिव्यावर शेणातले भुंगेरेही येतात. हुमणीचा भुंगेरा तपकिरी असतो आणि झाडाचा पाला खातो. शेणातला बहुतेक वेळा काळा, डोकं फावड्यासारखं चपटं आणि पुढच्या पायांना खणायचे दाते असलेला. त्याची अळी पिकाच्या मुळांना लागत नाही.

भुंगेऱ्यांकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नका. उकिरड्यावरच्या आणि गोठ्यातल्या ओल्या गवतावरच्या माश्यांना ते पुरे पडत नाहीत. तिथे रोजची सफाईच हवी. भुंगेरे थोडे असले आणि पो नुसता उकरून सोडला, तर पावसात आत हवा जाऊन जंतांच्या अळ्यांना उलट फायदाही होऊ शकतो. आणि आधीच जंतांनी खंगलेलं वासरू भुंगेऱ्यांवर सोडून चालणार नाही. त्याला औषधच द्यावं लागेल. भुंगेरे संसर्ग कमी करतात, आजारी जनावर बरं करत नाहीत.

आपल्या गायरानात काय परिस्थिती आहे, हे तुम्हालाच पाहता येईल. पाऊस सुरू झाल्यावर तीन दिवसांपूर्वीचा पो काठीने उलटा. खाली भोकं, मोकळी माती आणि चिंध्या झालेलं शेण दिसलं, तर भुंगेरे कामावर आहेत. वर कडक कवच, आत ओलं शेण आणि वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या असतील, तर गेल्या हंगामात काय टोचलं आणि काय फवारलं, याची गावात बसून चौकशी करा. या वर्षी जंताचं औषध आणायला जाल, तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. शेणाची डबी बरोबर न्या.

कळावे,
आपला एक पशुवैद्यक