झाले, लांबले, सोडले

'अनुपालन अहवाल' हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मला तर तो शब्दकोशात शोधावा लागला. अर्थ मात्र सोपा निघाला. तपासणीत ज्या त्रुटी सापडल्या, त्या दुरुस्त झाल्या का, हे ठराविक मुदतीनंतर लिहून द्यायचं. ही मुदत बऱ्याचदा महिन्याभराची असते. फाईलमधला सगळ्यात कंटाळवाणा कागद हाच. पण माझं मत असं आहे की पहिल्या चौकशी अहवालापेक्षा हा महिन्याने येणारा कागद जास्त महत्त्वाचा आहे, आणि आपण तो कधी वाचतच नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १७ पैकी १० बाळं गेली. चौकशी झाली, निलंबनं झाली, आणि राज्यभरातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करायचे आदेश निघाले. त्यानंतर अवघ्या दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ ला, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर असलेल्या अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात कोविडचा आयसीयू पेटला. त्या दिवशी ११ रुग्ण गेले. या रुग्णालयाचं फायर ऑडिट झालेलं होतं! पण ऑडिटमध्ये सुचवलेली आग विझवण्याची यंत्रणा निधीअभावी पुरी बसली नव्हती, असं शहराच्या अग्निशमन विभागाने तेव्हा सांगितलं. पुन्हा चौकशी झाली, पुन्हा निलंबनं झाली.

म्हणजे 'ऑडिट करा' या आदेशापुढे बरोबरची खूण होती आणि तरीही आग विझवायला पाणी नव्हतं. गडबड इथेच आहे. ऑडिट म्हणजे दुरुस्ती नव्हे. डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली म्हणजे औषध पोटात गेलं असं होत नाही ना, तसंच हे.

आता एक प्रयोग करू. एखाद्या रुग्णालयाला ऑडिटने तीन कामं सांगितली असं समजा. एक, आग विझवायचे सिलिंडर भरून घ्या. दोन, टाकी, पंप, पाईप आणि हायड्रंटची कायमची यंत्रणा बसवा. तीन, आयसीयूचं जुनं वायरिंग बदला. महिन्याने अहवाल लिहायचाय. काय लिहाल?

सिलिंडरचं काम आठवड्यात होतं, तेव्हा त्याच्यापुढे 'झाले' असं लिहायला हरकत नाही. पण पुरावा काय? बिल हा पुरावा नाही, बिल फक्त पैसे गेल्याचं सांगतं. प्रत्येक सिलिंडर ठरलेल्या जागी लटकतोय, त्याच्या गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे, पुढच्या रिफिलची तारीख लेबलवर आहे, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला तो कसा चालवायचा हे येतंय, हा पुरावा. तपासणाऱ्याने रात्री अकराला वॉर्डात जावं आणि नुसतं म्हणावं, "सिस्टर, हा कसा चालवायचा ते दाखवा." दोन मिनिटांत समजतं.

हायड्रंटचं काम महिन्यात होणारच नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निधी, टेंडर, मग खोदाई, असं ते चालतं. तेव्हा इथे 'लांबले' असं प्रामाणिकपणे लिहिण्यात काहीच लाज नाही. लाज आहे ती 'कार्यवाही सुरू आहे' या तीन शब्दांत नसलेल्या तीन गोष्टींची... म्हणजे कुणाकडे, कधीपर्यंत, तोपर्यंत काय! कागद आज कुणाच्या टेबलावर आहे? पुढची तारीख कोणती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, यंत्रणा येईपर्यंत रुग्णांचं काय? रात्री कोण फेरी मारणार, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार, व्हेंटिलेटरवरचा पेशंट कोण आणि कुठल्या दाराने बाहेर काढणार, हे 'लांबले' या शब्दाशेजारीच लिहायला हवं. यंत्रणेला वर्ष लागेल, पण या तीन नावांना एक संध्याकाळ पुरते.

तिसरं काम फसवं आहे. वायरिंग बदलायचं तर आयसीयू रिकामा करावा लागतो, आणि भरलेला आयसीयू रिकामा होत नाही. मग 'वॉर्ड रिकामा झाल्यावर करू' असं ठरतं. हे काम खरं म्हणजे सोडलेलं असतं, पण 'सोडले' हा शब्द कुणीच लिहीत नाही. ते कायमचं 'प्रस्तावित' राहतं. ओळखायची खूण सांगते. लागोपाठ दोन अहवालांत तेच वाक्य जसंच्या तसं आलं, किंवा तारीख पुढे गेली पण कारण दिलं नाही, की समजायचं, काम सोडलंय.

म्हणून 'सोडले' हा रकाना हवाच. एखादं काम सोडणं चूक असतंच असं नाही. आपल्या होस्टेलसारख्या कुठल्याही होस्टेलचं उदाहरण घ्या. ऑडिटवाले म्हणणार, गच्चीच्या दाराचं कुलूप काढा, आगीत ती वाट लागेल. रेक्टर म्हणणार, रात्री मुलं गच्चीवर जातात, पडली तर? दोघांचंही बरोबर. मग सरळ लिहा, 'कुलूप काढण्याची सूचना सोडली, निर्णय रेक्टरांचा, कारण अमुक, त्याऐवजी दाराशेजारी काचेच्या पेटीत किल्ली.' हे वाचून निदान वाद तरी घालता येतो. न लिहिलेल्या निर्णयाशी वाद कसा घालणार?

आपण इंजिनिअरिंगवाले आणखी एका ठिकाणी फसतो, ते म्हणजे टक्केवारी. दहापैकी आठ कामं झाली की '८० टक्के पूर्ण'. पण पहिल्या महिन्यात होतात ती स्वस्त आणि सोपी कामं: बोर्ड लावणं, सिलिंडर भरणं, एक लेक्चर ठेवणं. उरलेली दोन म्हणजे पाणी आणि वायरिंग, आणि माणसं त्याच दोनमुळे दगावतात. तेव्हा अहवालाच्या वर टक्के नकोत, राहिलेल्या कामांची नावं हवीत. निलंबनही त्या यादीत धरू नये. माणूस घरी गेला तरी वायर तीच राहते.

एक मर्यादा मान्य करते. महिन्याने 'झाले' असलेलं काम सहा महिन्यांनी पुन्हा 'न झालेलं' होऊ शकतं. सिलिंडरचा प्रेशर उतरतो, पंप गंजतो, दारापुढे गाद्या रचल्या जातात. म्हणूनच महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा 'फॉर्म बी' द्यावा लागतो. महिन्याचा अहवाल म्हणजे या रांगेतला पहिला कागद, शेवटचा नव्हे.

तेव्हा माझी मागणी एवढीच. आपल्याकडे पुढच्या वेळी कसलीही तपासणी झाली, मग ती आगीची असो, मेसच्या पाण्याची असो की लिफ्टची, तर महिन्याने एक पानाचा तक्ता मेसच्या दाराशी लागला पाहिजे. त्यात काम, झाले-लांबले-सोडले, पुरावा, जबाबदार माणूस, पुढची तारीख आणि तोपर्यंतची सोय, एवढेच रकाने असावेत. खाली रेक्टरांची सही आणि विद्यार्थी प्रतिनिधीचीही, पण प्रतिनिधीने सही करायची ती काटा हिरव्यात आहे हे स्वतः बघून आल्यावरच. जेवणाच्या रांगेत आपण तशीही वीस मिनिटं उभे असतो. तेवढ्या वेळात तक्ता वाचून होईल, आणि तारीख उलटलेली दिसली तर त्या माणसाला विचारताही येईल.