पस्तीस आले कुठून?

पुसदच्या आसपासच्या तांड्यांवर सराव पाठ घेऊन छात्राध्यापक परतले की तासाला ठरलेला प्रश्न येतो : 'वायगॉट्स्कीचे निकट विकास क्षेत्र स्पष्ट करा व वर्गातील उपयोजन लिहा.' उत्तरही ठरलेलंच. मूल एकट्याने जे करतं आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकतं, त्यातलं अंतर. मग आधार, गटकार्य, आणि खाली सही. शाळेत न जाताही हे लिहिता येतं, हीच माझी तक्रार आहे.

परवा एका छात्राध्यापिकेच्या तिसरीच्या पाठाला मी मागे बसलो होतो. फळ्यावर ४२ − १७. दोन पाट्यांवर ३५ आलं. तिने निरीक्षण वहीत लिहिलं, 'दोघांनाही उसना घेणे समजले नाही.' सुट्टीत आम्ही दोघांना विचारलं. पहिला म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." दुसरी म्हणाली, "बारातून सात गेले पाच. चारातून एक गेला, तीन." म्हणजे तिने उसना घेतला होता, फक्त चाराचे तीन करायचे राहिले. उत्तर एकच, पण दोघं उभी होती दोन वेगळ्या पायऱ्यांवर.

यात गणिताची निवडही चुकली होती. ४३ − १७ दिलं असतं तर पहिल्याचं ३४ आणि दुसरीचं ३६ आलं असतं. पाटी पाहूनच फरक कळला असता. म्हणून वायगॉट्स्की वाचल्यावर मी पहिला प्रश्न असा देतो : दोन वेगळ्या चुका वेगळ्या दिसतील असं एक उदाहरण तयार करा. दुसरा : प्रत्येकाला कमीत कमी कोणती मदत पुरली, ती दिली त्याच क्रमाने लिहा. आधी नुसतं "पुन्हा बघ", मग दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, शेवटी गठ्ठा सोडून दाखवणं. दुसरीला "आता गठ्ठे किती उरले?" एवढंच पुरलं. पहिल्याला गठ्ठा सोडावाच लागला, आणि तोही शेजारच्या मुलाने गोरमाटीत सांगितल्यावर त्याने सोडला. जाणता म्हणजे गुरुजीच असं वायगॉट्स्कीने म्हटलेलं नाही. अधिक येणारा सोबतीही त्यात धरलेला आहे.

तिसरा प्रश्न छात्राध्यापकांना आवडत नाही : मदत काढून घेतल्यावर काय उरलं? शेजाऱ्याने उत्तरच कानात सांगितलं असेल तरी पाटी बरोबरच दिसते, आणि वहीत 'आधार यशस्वी' अशी नोंद होते. तेव्हा काड्या उचलायच्या, शेजाऱ्याला दुसऱ्या बाकावर बसवायचं आणि नवं गणित द्यायचं.

तिने ६१ − ३८ दिलं. दुसरीने २३ लिहिले. पहिल्याचं जुन्या सवयीने ३७ यायला हवं होतं. त्याच्या पाटीवर ३३ होते. तिने आधी लाल फुली मारली. मग ती थांबली, खडू खाली ठेवला आणि वहीतलं सकाळचं वाक्य खोडलं.