‘भरलंय’ आणि ‘मिळालंच नाही’

प्राप्तिकराचा रिफंड जुन्या मागणीपोटी वळता झाला की करदाता एकाच दमात दोन तक्रारी करतो: “ही रक्कम मी भरलीय, आणि असली नोटीस मला कधी आलीच नाही.” त्यावर समोरून ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, कलम २४५ नुसार वळतं करून घेण्याचा खात्याला अधिकार आहे. दोन, भरली असेल तर पुरावा आणा. दोन्ही उत्तरं अर्धीच खरी आहेत, पण करदात्याने दोन तक्रारींची खिचडी केल्यामुळे ती पुरी पडतात.

एक उदाहरण घेऊ; आकडे हिशेब कळावा म्हणून मी ठरवले आहेत. एका शिक्षिकेने जुलै २०१२ मध्ये विवरणपत्राबरोबर १४,३०० रुपये कर बँकेत भरला. चलनावर करनिर्धारण वर्ष लिहायला हवं होतं २०१२-१३. घाईत २०११-१२ पडलं. ही चूक त्या काळी घरोघरी व्हायची. पैसे सरकारजमा झाले, पण एक वर्ष आधीच्या खणात. २०१२-१३ चा खण रिकामा दिसल्यामुळे डिसेंबर २०१२ मध्ये १५,१०० रुपयांची मागणी निघाली आणि बाईंनी केव्हाच सोडलेल्या भाड्याच्या घरी गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचा १८,६४० रुपयांचा रिफंड निघाला, तो सगळा वळता झाला. शिवाय १५,६३७ रुपये बाकीच! कारण फेब्रुवारी २०१३ पासून १२७ महिने, दरमहा एक टक्का दराने १९,१७७ रुपये व्याज धरलेलं. (सरकार रिफंडावर व्याज देतं ते महिना अर्धा टक्का. असो.)

आता पहिलं उत्तर तपासू. अधिकार आहे, पण तो आधी लेखी सूचना देऊन वापरायचा आहे, आणि सूचनेला आलेलं उत्तर वाचून निर्णय घ्यायचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये एका सनदी लेखापालाच्या पत्राची स्वतःहून दखल घेऊन जो निकाल दिला, त्यात हे बजावलं आहे. त्याच निकालात आणखी महत्त्वाची गोष्ट आहे: मागणीची सूचना करदात्याला पोचवलीच नसेल तर ती वसूल करता येत नाही, आणि पोचवल्याचं दाखवण्याची जबाबदारी खात्याची. न मिळालेल्या कागदाचा पुरावा करदाता आणणार तरी कुठून?

इथे व्याजाचाही पाया हलतो. कलम २२० नुसार मागणीची नोटीस बजावल्यानंतर ३० दिवसांची मुदत, आणि ती संपल्यावर व्याज. नोटीस बजावलीच नाही तर मुदत सुरू होत नाही. मग १२७ महिने मोजायचे कुठून? म्हणजे ‘मिळालंच नाही’ या तक्रारीने १९,१७७ रुपयांना धक्का लागतो.

दुसरं उत्तर मात्र मी मान्य करतो. ‘भरलंय’ म्हणणाऱ्याने दाखवावं. पण दाखवायचं म्हणजे पिवळी पडलेली पावती कपाटातून शोधत बसायची गरज नाही. बाईंनी 26AS मध्ये २०१२-१३ बघितलं आणि हात टेकले. शेजारचं वर्ष उघडलं असतं तर १४,३०० ची नोंद तिथे पडून होती: बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख, चलनाचा अनुक्रमांक. ही सरकारचीच नोंद. पैसे एकाच पॅनवर, शेजारच्या वर्षात, कुणी न मागितलेले पडून असताना ‘पुरावा आणा’ म्हणणं जरा अतिच.

तरीही पोर्टलवरच्या ‘Response to Outstanding Demand’मध्ये मागणी अमान्य करून चलन क्रमांक टाकला की काम झालं, असं नाही. चलनावरचं वर्ष बदलायला बँकेला सातच दिवस असतात. त्यानंतर ते फक्त आपल्या प्रभागाचा निर्धारण अधिकारी बदलू शकतो. बंगळुरूचं प्रक्रिया केंद्र ते करत नाही. म्हणून अर्ज दोन करावे लागतात: पोर्टलवर उत्तर, आणि अधिकाऱ्याकडे चलनदुरुस्ती.

“लोक निष्काळजी असतात, खात्याच्या नोंदी खोट्या कशा म्हणता?” या आक्षेपाला उत्तर मी देत नाही, सरकारनेच दिलंय. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी सांगितलं की पडताळणी न झालेल्या, ताळमेळ न लागलेल्या मागण्या पुस्तकांत पडून आहेत, काही तर १९६२ पासूनच्या, आणि त्या प्रामाणिक करदात्यांचे रिफंड अडवतात. मग आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १०,००० पर्यंतच्या मागण्या सोडून दिल्या. बाईंची १५,१०० ची मागणी त्यात बसली नाही, आणि बसली असती तरी रिफंड आधीच गेलेला.

म्हणून बाईंच्या अधिकाऱ्याकडच्या अर्जात दोन वेगळे परिच्छेद हवेत. पहिल्यात चलनाचा तपशील आणि वर्ष बदलण्याची मागणी. दुसऱ्यात एकच प्रश्न: डिसेंबर २०१२ ची नोटीस कोणत्या पत्त्यावर, कोणत्या तारखेला बजावली, त्याची पोच दाखवा.