‘आधी टाकू, मग साफ करू’

नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की प्रत्येक कारखान्यात एक मीटिंग होते आणि त्या मीटिंगमध्ये कुणीतरी एक वाक्य हमखास टाकतं : "आयटम मास्टर आहे तस्सा नव्या सिस्टिममध्ये टाकू. साफसफाई काय, नंतर करता येईल." सगळे माना डोलावतात. मालकाला १ एप्रिलला नवीन वर्ष नव्या सिस्टिमवर सुरू करायचं असतं, सॉफ्टवेअरवाल्याला बिल काढायचं असतं, आणि स्टोअरकीपरला त्या मीटिंगला बोलावलेलंच नसतं.

माझं म्हणणं असं की हे वाक्य नुसतं आळशीपणाचं नाही, ते चूक आहे. ‘नंतर’ करता येत नाही. आणि दुसरं, "डुप्लिकेट सॉफ्टवेअर शोधून देईल" हा जो त्याचा जोडभाऊ आहे, तोही तितकाच चूक. दोन्ही नीट बघू.

नमुना म्हणून बेअरिंग घेऊ. भोसरी, चाकण, अंबड, कुठल्याही एमआयडीसीतल्या मशीन शॉपची यादी उघडा, साधारण असं काहीतरी दिसेल :

```
B-0112  BEARING 6205 ZZ       NOS  14
B-0347  BRG. 6205-2Z          NOS   6
B-0519  Ball Bearing 6205ZZ   PCS   0
B-0871  BEARING 6205 2RS      NOS   9
B-0904  BEARNG 6206 ZZ        NOS   4
B-1130  BRG 6205 ZZ C3        NOS   3
```

यात डुप्लिकेट कुठले? पहिले तीन. दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं बेअरिंग एसकेएफ 2Z लिहितं, एनएसके आणि एनटीएन ZZ लिहितात. वस्तू तीच. चौथं वेगळं, त्याला रबरी सील असतं. पाचवं तर सरळ वेगळ्या मापाचं : शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो, म्हणजे 6205 चा २५ मिमी आणि 6206 चा ३०. सहाव्यात C3 आहे, म्हणजे आत मोकळीक जास्त. मोटरवाला ते मुद्दाम मागतो.

आता ‘मिळतीजुळती नावं शोधणारं’ टूल यावर चालवून बघा. अशी बरीचशी टूल्स एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजतात. पहिल्या ओळीचं पाचव्या ओळीत रूपांतर करायला दोन बदल पुरतात : एक I काढा, ५ चे ६ करा. पहिल्याचं दुसरीत करायला सात बदल लागतात. म्हणजे टूलच्या मते २५ मिमी आणि ३० मिमीचं बेअरिंग ही जुळी भावंडं, आणि एकच वस्तू असलेल्या दोन ओळी दूरचे नातेवाईक! टूलचा यात दोष नाही. ते अक्षरं बघतं. वस्तू एक आहे की दोन, हे अक्षरांत लिहिलेलंच नसतं.

मग करायचं काय? वर्णनाची एक लांब ओळ तोडून तिचे रकाने करायचे. बेअरिंगला चार पुरतात : प्रकार, क्रमांक, झाकण, मोकळीक. BRG, BEARNG, Ball Bearing हे सगळं पहिल्या रकान्यात ‘बेअरिंग’. 2Z आणि ZZ तिसऱ्या रकान्यात ‘पत्रा’. चारही रकाने सारखे आले तर डुप्लिकेट, एक जरी वेगळा तर वेगळी वस्तू. स्पेलिंगचा गोंधळ इथे आपोआप मिटतो. आणि जिथे नुसतंच BEARING 6205 लिहिलंय, तिथे ‘झाकण’ रकाना रिकामा राहतो. ते उघडं बेअरिंग आहे की लिहिणाऱ्याने ZZ लिहायचा कंटाळा केला, हे कुठलाही प्रोग्रॅम सांगणार नाही. उठायचं, रॅकपाशी जायचं, खोक्यावरचं नाव वाचायचं. स्टोअरकीपर हे पाच मिनिटांत सांगतो. म्हणून त्याला मीटिंगला बोलवा म्हणतो मी.

हे न केल्याची किंमत वरच्याच यादीत दिसते. B-0519 चा साठा शून्य. सिस्टिम इमानदारीत खरेदीचा इशारा देते, ऑर्डर जाते, आणि तीच बेअरिंगं दुसऱ्या दोन कोडखाली वीस नग पडून असतात. असो. पण हा तसा साधा आजार आहे. NOS आणि PCS हा तर आजारही नाही, एकाच नगाची दोन नावं. खरी गडबड होते ती एकक बदलतं तिथे.

समजा, २५ मिमीचा EN8 राउंड बार आहे. काट्यावर वजन होऊन येतो म्हणून खरेदीने एक कोड किलोत उघडला. शॉपवर तो कापून मीटरमध्ये दिला जातो म्हणून कुणीतरी दुसरा कोड मीटरमध्ये उघडला :

```
R-0041  EN8 RD BAR 25 MM      KGS  462   @  70
R-0208  ROUND BAR EN-8 DIA25  MTR   30   @ 270
```

साफ करणाऱ्याने दोन्ही एकाच कोडखाली आणले, एकक KGS ठेवलं, आणि बेरीज केली : ४९२. आता हिशोब तपासणारा काय बघतो? एकूण किंमत. जुनी ३२,३४० अधिक ८,१००, म्हणजे ४०,४४०. नवी किंमतही ४०,४४०. जुळलं! सही, शिक्का, गो-लाइव्ह, पेढे.

पण गोलाकार सळीचं वजन काढायचं सूत्र प्रत्येक स्टोअरकीपरला पाठ असतं : व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रति मीटर. २५ चा वर्ग ६२५, भागिले १६२, म्हणजे ३.८५८. ते ३० मीटर म्हणजे ११५.७ किलो. एकूण साठा ५७७.७ किलो हवा, आणि सिस्टिममध्ये ४९२. तब्बल ८५.७ किलो लोखंड हवेत! शिवाय सरासरी दर ७० ऐवजी ८२.२० झाला. हा साठा संपेपर्यंत त्या बारपासून बनणाऱ्या प्रत्येक जॉबचं कॉस्टिंग फुगलेलं राहणार, आणि कोटेशन देणारा म्हणणार की आपलं गणित बाजारात का बसत नाही. म्हणून ‘किंमत जुळली की मायग्रेशन जुळलं’ यावर विश्वास ठेवू नका. एककाची चूक किंमतीच्या बेरजेत दिसतच नाही, कारण चुकीची संख्या आणि चुकीचा दर एकमेकांना सांभाळून घेतात.

ती दिसते दरात. जुन्या सिस्टिममधून दोन वर्षांच्या खरेदीच्या ओळी काढा आणि प्रत्येक आयटमचा सर्वात मोठा दर सर्वात लहान दराने भागा :

```
SELECT item_code, MAX(rate) / MIN(rate) AS patt
FROM purchase_lines
WHERE rate > 0
GROUP BY item_code
HAVING MAX(rate) / MIN(rate) > 3;
```

बोल्टच्या भावात दोन वर्षांत चढउतार होईल, पण तो शंभरपट होणार नाही. उत्तर १२ च्या आसपास आलं तर कुणीतरी डझन आणि नग एकाच कोडात घातलेत. १०० आलं तर खोकं आणि नग. १४४ आलं तर ग्रोस. ही झाली एकाच कोडाच्या पोटातली भेसळ. दोन कोड जोडताना हाच भागाकार त्या दोघांच्या दरांचा करा. आपल्या बारचे २७० भागिले ७० म्हणजे ३.८६ आणि सूत्राचे ३.८५८, लगेच चोर सापडतो.

मात्र या चाळणीलाही भोक आहे. १२ मिमीच्या सळीचं वजन याच सूत्राने मीटरला ०.८९ किलो येतं. किलोचा भाव आणि मीटरचा भाव जवळजवळ सारखाच, त्यामुळे ती चाळणीतून बिनधास्त निसटते. तेव्हा लहान व्यासाच्या सळ्या हातानेच तपासा.

यावर उपाय एकच : एका वस्तूला एकच मूळ एकक, आणि दुसरं एकक हवं असेल तर त्या आयटमपुरता रूपांतराचा आकडा. ‘१ मीटर = ३.८५८ किलो’ हे २५ मिमीच्या बारच्या पानावर लिहायचं, सगळ्या मीटरांना एकच आकडा लावायचा नाही. सळी कागदावरच्या मापाला तंतोतंत भरत नाही, तेव्हा साठामोजणीत थोडा फरक येणारच. तो समायोजनात टाका, त्यासाठी नवा कोड उघडू नका.

आता ‘नंतर करू’ वाल्यांकडे वळतो. मुंबईत तयार झालेलं आणि अनेक लहान कारखान्यांत चालणारं ERPNext घ्या. त्यात एखाद्या आयटमवर एकदा व्यवहार झाला की त्याचं मूळ एकक सरळ बदलता येत नाही, सिस्टिम नकार देते. बरं, दोन आयटम एकत्र करायची सोय आहे ना? आहे. पण अट अशी की दोघांचं मूळ एकक सारखं हवं! म्हणजे NOS मधले बेअरिंगचे कोड नंतर जोडता येतील, पण R-0041 आणि R-0208, जे जोडणं सर्वात गरजेचं, तेच जोडता येणार नाहीत. आणि हा त्या सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. झालेल्या व्यवहाराचं एकक मागून बदलू देणाऱ्या सिस्टिमच्या साठ्यावर कोण विश्वास ठेवेल? दार बंद आहे ते योग्यच आहे. तुम्ही दार बंद व्हायच्या आधी आवरा, एवढंच.

"पण वेळ कुठाय? दहा हजार कोड आहेत!" हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला उत्तरही आहे. दहा हजार न्यायचेच कशाला? ज्याचा साठा शून्य, दोन वर्षांत हालचाल नाही, कुठल्या बिल ऑफ मटेरियलमध्ये नाही आणि कुठली ऑर्डर उघडी नाही, तो कोड जुन्या सिस्टिममध्येच सुखाने राहू द्या. लागला तर त्या दिवशी नीट नावाने उघडा. फक्त मशीनचे स्पेअर्स या नियमातून वगळा. स्पिंडलचं बेअरिंग पाच वर्षं हलत नाही, आणि हलतं त्या दिवशी ते एका तासात लागतं.

जे कोड जोडले त्यांची एक तीन रकान्यांची यादी ठेवा : जुना कोड, नवा कोड, गुणक. B-0347 साठी गुणक १, R-0208 साठी ३.८५८. उघड्या ऑर्डरी, बिल ऑफ मटेरियल आणि साठा, तिन्ही याच यादीतून न्यायचे, कुणी हाताने टाइप करायचं नाही. आणि यादी सुरू झाल्या दिवसापासून नवा कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे. नाहीतर तुम्ही पुढच्या दाराने झाडताय आणि मागच्या दाराने B-1131 आत येतोय, BRNG 6205 ZZ नावाने!

१ एप्रिलची तारीख हलत नसेल तर नका हलवू. त्या तारखेला तीनच हजार कोड न्या, पण ते असे की प्रत्येकाचं एकक कुणीतरी खोकं किंवा सळी डोळ्यांनी बघून लिहिलेलं आहे.