नॅनो युरिया: बाटली दुकानात आली, पण कास्तकाराने पुन्हा का मागितली नाही?

बुलडाणा : पाऊस पडला, पीक गुडघ्याला लागलं, की कृषी सेवा केंद्रासमोर युरियासाठी रांग लागते. बॅग मिळते, पण बऱ्याच वेळा सोबत अर्ध्या लिटरची एक बाटलीही घ्यावी लागते. घरी गेल्यावर ती बाटली गोठ्याच्या फळीवर पडून राहते. जी वस्तू युरियाची रांगच संपवणार होती, ती लिंकिंगमध्ये कशी काय आली? मागणी, किंमत आणि वेळ या तिन्ही बाजू पाहिल्या की हा हिशोब उलगडतो.

घोषणा मोठी, विक्री घसरली

इफ्को या सहकारी संस्थेने 31 मे 2021 रोजी नॅनो युरिया जाहीर केला. 500 मिलीची एक बाटली युरियाच्या एका बॅगेचं काम करेल, असा दावा होता. देशभरात 94 पिकांवर, 11 हजारांहून अधिक शेतांत चाचण्या झाल्या आणि उत्पादन सरासरी 8 टक्के वाढलं, असंही सांगण्यात आलं. 2025 पर्यंत देशात वर्षाला 44 कोटी बाटल्या तयार करण्याची क्षमता उभी राहील, असं केंद्र सरकारचं नियोजन होतं.

2021-22 मध्ये सुमारे 2 कोटी 15 लाख बाटल्या विकल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी हा आकडा 3 कोटी 27 लाखांवर गेला. 2023-24 मध्ये मात्र तो सुमारे 2 कोटी 4 लाखांवर आला, म्हणजे एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त घट. पुढच्या वर्षी सुधारित बाटली आल्यावर विक्री पुन्हा थोडी वर सरकली, पण 44 कोटींचं स्वप्न कुठल्या कुठे राहिलं.

मागणी होती, पण कशाची?

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. पहिल्या दोन वर्षांतली विक्री म्हणजे सगळी मागणी नव्हे. बाटली गोदामातून दुकानात आणि दुकानातून बॅगेसोबत शेतकऱ्याच्या हातात गेली तरी कागदावर विक्रीच दिसते. खरी परीक्षा दुसऱ्या हंगामात होते. शेतकरी स्वतःहून दुकानात येऊन ‘मागच्या वेळची ती बाटली द्या’ म्हणतो का?

न म्हणण्याचं मोठं कारण साध्या गणितात आहे. 45 किलोच्या बॅगेत 46 टक्के नत्र, म्हणजे जवळपास 20 किलो 700 ग्रॅम. पहिल्या नॅनो युरियात नत्र होतं 4 टक्के, म्हणजे 500 मिलीच्या बाटलीत अवघं 20 ग्रॅम. फरक हजार पटीचा. कंपनीचं म्हणणं असं, की जमिनीत टाकलेला युरिया बराचसा हवेत उडतो आणि पाण्यासोबत वाहून जातो, तर नॅनोचे बारीक कण थेट पानात शिरतात. पण थेंबनथेंब पानात शिरला तरी पिकाला मिळणार ते 20 ग्रॅमच. बॅगेतलं अर्ध्याहून जास्त नत्र वाया गेलं तरी पिकाला कित्येक किलो मिळतं.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं शेतात प्रयोग केला. नेहमीच्या खताचा काही भाग कमी करून त्याजागी नॅनो युरिया फवारला, तेव्हा गव्हाचं उत्पादन 21.6 टक्क्यांनी आणि भाताचं 13 टक्क्यांनी घटलं. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीही या दाव्याला आधार सापडत नसल्याचं लिहिलं. इफ्को मात्र आपल्या चाचण्यांवर ठाम राहिली. नंतर 2024 मध्ये सरकारने जास्त नत्राच्या ‘नॅनो युरिया प्लस’ला मान्यता दिली. त्यात वजनाने 16 टक्के नत्र आहे. तरीही एका बाटलीत ते 100 ग्रॅमच भरतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. चिखली, मेहकर, लोणारकडे खरिपाचं मोठं क्षेत्र सोयाबीनखाली असतं. सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतःच घेतं, त्याला युरियाची गरज मुळात कमी. युरिया लागतो तो मुख्यतः कपाशी, मका आणि रब्बीतल्या गव्हाला.

किंमत: 41 रुपये वाचले, फवारणीत गेले

युरियाची बॅग 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण बाकीचा बोजा सरकार अनुदानातून उचलतं. नॅनोवर अनुदान नाही. बाटली आधी 240 रुपयांना होती, नंतर 225 वर आली. म्हणजे शेतकऱ्याचे वाचले 41 रुपये 50 पैसे. सरकारचे मात्र एका बॅगेमागे हजार रुपयांहून जास्त वाचणार होते. फायदा जास्त करून एकाचा आणि पिकाची जोखीम दुसऱ्याची, असा हा सौदा होता.

आता एका एकराचा हिशोब करू. बाटली साधारण 125 लिटर पाण्यात फवारायची, म्हणजे 16 लिटरचे आठ पंप. पंपामागे 40 रुपये मजुरी धरली तर 320 रुपये झाले. बाटलीचे 225 मिळवले की खर्च 545 रुपयांवर जातो. ठरलेल्या कीटकनाशकाच्या फवारणीतच बाटली मिसळली तर वेगळी मजुरी लागत नाही, पण मग औषध फाटत नाही ना, हे आधी थोड्या पाण्यात मिसळून पाहावं लागतं.

वेळ: गरज एका दिवशी, बाटली दुसऱ्या दिवशी

नॅनो युरिया बाजारात आला तेव्हा जगभरात खतांचे भाव भडकले होते आणि टंचाई होती. त्यामुळे सुरुवातीला बाटली खपली. पण हंगामातली वेळ जुळली नाही. कोरडवाहू शेतकरी पाऊस झाला, ओल दिसली, की त्याच दिवशी युरिया टाकतो. नॅनोचं उलटं आहे. फवारल्यावर 12 तासांत पाऊस आला तर फवारणी पुन्हा करायला सांगितलं जातं. जुलै-ऑगस्टच्या झडीत 12 तासांची उघडीप कोण सांगणार? शिवाय फवारणीसाठी अंगावर पानं हवीत, म्हणजे पीक 30-35 दिवसांचं हवं. पेरणीसोबतचं खत त्याने वाचत नाही.

मग बाटलीचं करायचं काय?

बाटली विष नाही आणि जादूही नाही. शिफारशीचं खत दिल्यानंतर वरून फवारा म्हणून वापरायची असेल तर आधी चार तासांवर वापरा, शेजारचे चार तास तसेच सोडा आणि काढणीला दोन्हीकडचं वजन वेगळं करा. तिच्या भरवशावर युरिया निम्मा करू नका.

राहिला प्रश्न लिंकिंगचा. युरियासोबत दुसरी वस्तू जबरदस्तीने देण्याची परवानगी नाही. केंद्रीय कृषीमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै 2025 मध्ये सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हे थांबवायला सांगितलं आहे. असं कुणी केलं तर पक्कं बिल मागा, त्यावर बाटली लिहिलेली असू द्या आणि बिलाचा फोटो घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी तक्रार द्या.

जबरदस्तीने खपलेली प्रत्येक बाटली विक्रीच्या आकड्यात मोजली जाते, आणि त्या आकड्यामागे शेतकऱ्याला ती खरंच हवी होती का, हे झाकून जातं.