विश्लेषण : बायफेशियल सौर पॅनेलचे जादा पैसे कधी वसूल होतात?

'पीएम सूर्यघर' योजनेमुळे छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. दरपत्रकांमध्ये आता एक शब्द हमखास दिसतो, तो म्हणजे बायफेशियल. 'दोन्ही बाजूंनी वीज, २५ टक्क्यांपर्यंत जादा' असे त्यापुढे लिहिलेले असते. ३ किलोवॉट प्रकल्पासाठी मिळणारे ७८ हजार रुपयांचे अनुदान पॅनेल एकबाजूचे असो वा दोनबाजूचे, तेवढेच राहते. फरकाची रक्कम ग्राहकाच्या खिशातूनच जाते. त्यामुळे ती कधी मोजावी आणि कधी नाही, हे सही करण्यापूर्वी समजून घ्यायला हवे.

पाठीमागून वीज कशी तयार होते?

साध्या पॅनेलची मागची बाजू पांढऱ्या अपारदर्शक थराने झाकलेली असते. बायफेशियलमध्ये त्या जागी बहुधा काचच असते आणि सेलच्या पाठीवरही प्रकाश आत घेणारी रचना असते. जमिनीवर किंवा गच्चीवर पडून परतलेले ऊन या पाठीवर पोहोचते. मात्र पाठ पुढच्या बाजूइतकी तरबेज नसते. 'पर्क' प्रकारच्या सेलची पाठ पुढच्या बाजूच्या साधारण ७० टक्के, तर नव्या 'टॉपकॉन' सेलची ८० टक्क्यांच्या आसपास क्षमतेने काम करते. माहितीपत्रकात हा आकडा 'बायफेशियलिटी' या नावाने असतो. अनेक जण त्यालाच जादा विजेचा आकडा समजतात. तसे नाही. पाठीवर ऊनच पोहोचले नाही, तर ८० टक्के कशाचे?

मग प्रत्यक्षात किती वीज वाढते?

भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडते, असे धरू. जुन्या सिमेंटच्या गच्चीने त्यातले २५ टक्के, म्हणजे २५० वॅट परतवले. पण हे ऊन चहूकडे पांगते, शिवाय पॅनेलच्या खाली त्याचीच सावली असते. पॅनेल डोक्याएवढ्या उंचीवर असेल तर पाठीपर्यंत ८० वॅटच्या आसपास पोहोचतात. त्याला पाठीच्या ८० टक्के क्षमतेने गुणले की हातात ६४ वॅट उरतात, म्हणजे सहा टक्क्यांहून थोडे अधिक. मागून जाणाऱ्या लोखंडी पट्ट्या, वायरी आणि एका पॅनेलला जास्त तर दुसऱ्याला कमी मिळणारा प्रकाश यांत आणखी टक्काभर जातो. म्हणजे पाच टक्के हा आपल्याकडच्या उंच सांगाड्याच्या गच्चीसाठी प्रामाणिक अंदाज झाला.

पत्र्याच्या छतावर हेच गणित कोसळते. तिथे पॅनेल पत्र्यापासून दहा-बारा सेंटिमीटरवर, त्याच्याच उताराला धरून बसवतात. पाठीला दिसते ती स्वतःचीच सावली. जादा वीज टक्काभर मिळाली तरी पुष्कळ.

जमिनीचा रंगही तितकाच महत्त्वाचा. राजस्थानातील फिकट वाळू बरेच ऊन परतवते. विदर्भ-मराठवाड्यातील काळी कसदार जमीन मात्र जेमतेम १० ते १५ टक्के, आणि पावसात भिजल्यावर त्याहून कमी. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी'सारख्या योजनेतील जमिनीवरच्या प्रकल्पांसाठी राजस्थानचे आकडे जसेच्या तसे वापरले, तर अंदाज चुकणारच.

मग '२५ टक्के' कुठून येतात?

माहितीपत्रकातील एका तक्त्यातून. त्यात पाठीमागून ५, १०, १५, २५ टक्के भर पडली तर पॅनेल किती वॅटचे होईल, हे दिलेले असते. तो 'असे झाले तर' असा तक्ता आहे, हमी नव्हे. ५४० वॅटचे पॅनेल '६०० वॅटचे' म्हणून विकण्याची युक्ती इथूनच निघते. पॅनेलच्या मागच्या लेबलवर पुढच्या बाजूची क्षमता स्वतंत्र लिहिलेली असते. दरपत्रकातील किलोवॉट त्याच आकड्याने जुळतात का, ते पाहावे.

जादा खर्च केव्हा परवडतो?

आता ३ किलोवॉटचा प्रकल्प घेऊ. महाराष्ट्रात तो वर्षाला साधारण ४२०० युनिट देतो. बायफेशियलसाठी वॅटमागे दीड रुपया जास्त मागितला, म्हणजे एकूण ४५०० रुपये, आणि वाचलेल्या युनिटची किंमत ८ रुपये धरली. गच्ची वापरता यावी म्हणून सांगाडा तसाही उंच करायचा असेल, तर पाच टक्के म्हणजे २१० युनिट, म्हणजेच वर्षाला १६८० रुपये. पैसे तीन वर्षांच्या आत वसूल. इथे बायफेशियल घ्यावे.

पत्र्याच्या छतावर टक्काभर म्हणजे ४२ युनिट, ३३६ रुपये. तेच ४५०० रुपये फिटायला तेरा वर्षांहून अधिक लागतील. त्याऐवजी त्या पैशांत थोडी जास्त क्षमता बसवलेली बरी. आणि केवळ पाठीमागच्या विजेच्या लोभाने सांगाडा उंच करायला आणखी २० हजार लागणार असतील, तर १६८० रुपयांत ते निघायला जवळपास पंधरा वर्षे जातील. तो सौदा तोट्याचाच.

यात एक छुपी अट आहे. ८ रुपये तेव्हाच वाचतात, जेव्हा ती वीज तुम्ही वापरता. नेट मीटरिंगमध्ये शिल्लक युनिट वर्षभर पुढे जातात. वर्षाअखेरीस उरलेल्यांना मात्र बिलातल्या दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. ज्यांची गरज साध्या ३ किलोवॉटमध्ये भागते, त्यांच्यासाठी वरचे सगळे हिशेब आणखी फिके होतात.

गच्ची पांढरी रंगवली तर?

फरक पडतो. ताजा पांढरा रंग ६० टक्क्यांच्या पुढे ऊन परतवतो, त्यामुळे जादा वीज दहा-बारा टक्क्यांवर जाऊ शकते. पण धूळ आणि पावसाळ्यातील शेवाळाने रंग मळतो, तसा हा लाभही उतरतो. रंग पॅनेलच्या सावलीपुरता न देता सभोवतालीही द्यावा लागतो, कारण पाठीला मिळणारा बराचसा प्रकाश तिथूनच येतो. दर तीन-चार वर्षांनी रंगाचा खर्च निव्वळ विजेतून निघणे कठीण. खालची खोलीही थंड हवी असेल, तर दोन्ही मिळून विचार करता येतो. शिवाय पॅनेलखाली जुने पलंग नि कुंड्या रचल्या, की ही सारी मेहनत वाया. आपल्याकडे गच्चीचे तेच होते!

बसवताना काय पाहावे?

पहिली गोष्ट इन्व्हर्टरची. पाठीच्या प्रकाशाने व्होल्टेज फारसे वाढत नाही, विद्युतप्रवाह वाढतो. पुढच्या बाजूने १४ अँपिअर देणारे पॅनेल दहा टक्के भर पडल्यावर १५.४ अँपिअर देईल. इन्व्हर्टरची मर्यादा त्याखाली असेल तर जादा वीज तिथेच कापली जाते. पुढच्या-मागच्या दोन्ही काचा अनेकदा फक्त दोन मिलिमीटरच्या असतात. पॅनेल जड होते आणि पकडी चुकीच्या जागी किंवा अवाजवी घट्ट आवळल्या तर काच तडकते. उत्पादकाने आखून दिलेल्या जागीच पकड हवी.

याच काचेचा एक फायदाही आहे. ती प्लास्टिकच्या थरापेक्षा दमटपणा चांगला अडवते. कोकण किनाऱ्यावर दोन काचांचे पॅनेल साध्याच दरात मिळत असेल, तर पाठीमागची वीज शून्य धरूनही ते घ्यायला हरकत नाही. पाठीचा वाटा खरेच तपासायचा असेल, तर तंत्रज्ञाने जोडणीपूर्वी दुपारच्या स्वच्छ उन्हात एका पॅनेलचा शॉर्टसर्किट प्रवाह मोजावा आणि पाठीमागे काळे कापड धरून लगेच पुन्हा मोजावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या गच्चीवर त्या वेळी पाठीमागून मिळणारी भर. ढगाळ दिवशी ही चाचणी करू नये. तेव्हा पाठीचा वाटा टक्केवारीत मोठा दिसतो, पण एकूण वीजच कमी असते.