एकच कामगार, तरी कागद हवाच का? नवी वेतन संहिता छोट्या दुकानाला काय सांगते

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. 'आता सगळ्यांना नियुक्तिपत्र' अशा पोस्ट फिरल्या आणि छोट्या दुकानदारांना प्रश्न पडला, आपल्याकडे तर एकच पोरगा आहे, मग हे आपल्याला लागू आहे का?

नेमका नियम काय?

नियुक्तिपत्राचं कलम ज्या संहितेत आहे, ती साधारणपणे 10 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. पण वेतन संहितेला अशी अट नाही. एकच कामगार असला तरी त्याला किमान वेतन द्यावं लागतं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा. कामगाराने काम सोडलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा.

खरी मेख कलम 59 मध्ये आहे. पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला असा दावा झाला, तर पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. दावा करायला कामगाराकडे तीन वर्षं असतात. तोंडी व्यवहार इथेच मालकाच्या अंगाशी येतो.

वाद कसा होतो?

समजा, एका स्टेशनरी दुकानात पगार 15,000 रुपये ठरला. कामगाराने 3,000 रुपये उचल घेतली आणि महिन्यात दोन बिनपगारी सुट्ट्या झाल्या. 30 दिवसांच्या हिशेबाने रोजचे 500, म्हणजे 1,000 रुपये कापले. उचलीचा हप्ता 1,000. हातात आले 13,000 रुपये.

मालकाच्या यूपीआयवर फक्त '13,000' दिसतं. उचल रोख दिली होती, सही घेतली नव्हती. सहा महिन्यांनी कामगार म्हणाला, 'दोन हजार कमी दिले', तर मालकाकडे दाखवायला काहीच नाही.

मग लिहायचं काय?

सुरुवातीला एक पान पुरतं. त्यात काम, रुजू तारीख, पगार, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, बिनपगारी दिवसाचा दर, उचलीचा हप्ता आणि काम सोडण्याची पूर्वसूचना लिहायची. दोन प्रती, दोघांच्या सह्या.

नंतर एक वही. रोजची हजेरी आणि महिनाअखेरीला एक ओळ: पगार 15,000, सुट्टी वजा 1,000, उचल वजा 1,000, दिले 13,000, उचल बाकी 2,000. शेजारी कामगाराची सही. हाच तपशील पगारपावतीवर लिहून त्याला द्यायचा. उचल दिली त्या दिवशीची नोंद वेगळी.

एक मर्यादा

कागदावर सही आहे म्हणून वाटेल ती कपात चालत नाही. माल हरवला, तर तो कामगाराच्या ताब्यात दिलेला होता आणि त्याच्याच निष्काळजीपणामुळे गेला, हे दिसावं लागतं. आधी त्याला बाजू मांडू द्यावी लागते. नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. किमान वेतनापेक्षा कमी पगाराचा करारही टिकत नाही, मग त्यावर दोघांच्या सह्या असल्या तरी.